रात्रपाळीच्या सिस्टरसाठी घड्याळ : ल्यूम की बॅकलाइट?

पहाटेचे तीन वाजले आहेत. वॉर्डातले मोठे दिवे दहालाच मालवलेत, कॉरिडॉरचा उजेड दारातून तिरका आत येतोय आणि बारा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची नाडी मोजायची आहे. एक हात त्यांच्या मनगटावर, दुसऱ्या हातात केसपेपर. मोबाइलचा टॉर्च लावला तर शेजारची खाट जागी होते. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळाकडून दोन निरनिराळी कामं हवी असतात. एक म्हणजे किती वाजले हे एका नजरेत कळणं. दुसरं म्हणजे पंधरा सेकंद, अर्धा मिनिट किंवा पूर्ण मिनिट सलग मोजता येणं. अंधारात वाचायच्या घड्याळांबद्दल जो सल्ला मिळतो, तो बहुतेक पहिल्याच कामाचा असतो. वॉचमन किंवा कारखान्यातल्या कामगाराला तो पुरतो. नाइट ड्युटीच्या सिस्टर आणि ब्रदरना पुरत नाही, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात डोळ्यांपासून करायला हवी, कारण एकच घड्याळ एकीला उत्तम दिसतं आणि तिच्याच मैत्रिणीला दिसत नाही. उजेडात आपण ज्या पेशींनी बघतो त्या शंकुपेशी. रंग आणि बारीक अक्षरं त्यांच्यामुळे कळतात, पण अंधारात त्यांचं फारसं चालत नाही. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना पुरतं जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ट्यूबलाइटखाली केसपेपर लिहून तुम्ही वॉर्डात शिरता, तेव्हा पहिली काही मिनिटं तुमच्या डोळ्यांना अंधारात काही दिसतच नसतं. काउंटर आणि वॉर्ड यांच्यात दर पंधरा मिनिटांनी फेरी असेल, तर तुमचे डोळे रात्रभर कधीच पूर्ण अंधाराला सरावत नाहीत. उलट एखाद्या गंभीर पेशंटशेजारी तास-दीड तास बसलेल्या सिस्टरला मंद हिरवा ठिपकासुद्धा स्पष्ट दिसतो. आपली ड्युटी यातली कुठली, हे घड्याळाच्या दुकानात जाण्याआधी ठरवावं. पुढचा बराचसा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

दंडपेशींची आणखी एक मर्यादा आहे. त्यांना बारकावे कळत नाहीत, आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर त्या जवळपास नसतातच. म्हणून अंधारात मिणमिणता काटा थेट रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि जरा बाजूला पाहिलं की दिसतो. नाजूक काट्यांचं, बारीक आकड्यांचं घड्याळ कितीही चमकणारं असलं तरी रात्री उपयोगाचं नाही, ते याच कारणानं. चाळिशीनंतर यात भर पडते. अंधारात बाहुली मोठी होते आणि जवळचं आणखी धूसर दिसतं. दिवसा चष्म्याशिवाय जेमतेम वाचता येणारी डायल रात्री वाचता येणार नाही, हे गृहीत धरूनच एक आकार मोठी घ्यावी.

आता ल्यूम. काट्यांवर आणि आकड्यांवर लावलेला, अंधारात चमकणारा हा लेप. आपल्याकडे त्याला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात आणि त्यामुळे काही जणांना ते मनगटावर बांधायची भीती वाटते. खरं रेडियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घड्याळांत असायचं. अमेरिकेत ते ब्रशनं लावणाऱ्या कामगार मुलींना त्यानं जीवघेणे आजार झाले आणि पुढे ते बंद झालं. आजच्या घड्याळांतला लेप बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचा असतो. जपानच्या नेमोटो कंपनीनं तो 1993 मध्ये विकसित केला. त्यात किरणोत्सर्ग नाही. उजेड शोषायचा आणि तो हळूहळू परत सोडायचा, एवढंच त्याचं काम. सुपर-ल्युमिनोव्हा, सीकोचं ल्युमीब्राइट ही त्याच घराण्यातली नावं. जुन्या किंवा अगदी स्वस्त घड्याळांत झिंक सल्फाइडचा लेप असतो. तो काही मिनिटं चमकतो आणि विझतो.

चांगल्या ल्यूमचीसुद्धा गंमत अशी की त्याचं तेज सरळ उतरत नाही. दिवा बंद केल्या क्षणी तो डोळ्यांत भरतो, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मूळ तेजाचा बराचसा भाग निघून जातो आणि मग जे उरतं ते पुढे कित्येक तास फार सावकाश कमी होत राहतं. जाहिरातीत दिसतो तो पहिला मिनिट. तुमच्या कामाचा असतो तो पाचव्या तासातला उरलेला मंद उजेड, आणि तो फक्त सरावलेल्या डोळ्यांनाच दिसतो. म्हणून ‘रात्रभर चमकतं’ हे विक्रेत्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ट्यूबलाइटखालून आलेल्या सिस्टरला त्याचा फायदा होत नाही.

यावर एक उपाय तुमच्या ड्युटीतच दडलेला आहे. ज्या उजेडामुळे डोळे बिघडतात, त्याच उजेडात लेप पुन्हा भरतो. काउंटरवर लिहिताना मनगट दिव्याकडे उघडं राहिलं, तर वॉर्डात शिरताना ल्यूम ताजा असतो आणि पहिली काही मिनिटं चांगला दिसतो. मात्र लेपाला हवा असतो तो निळ्या आणि अतिनील बाजूचा प्रकाश. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असल्यानं तो चालतो, पिवळट मंद दिव्याखाली लेप अर्धवटच भरतो. घाई असेल तर मोबाइलचा फ्लॅश काचेला अगदी टेकवून अर्धा मिनिट धरावा. हे अर्थात काउंटरवर करावं, खाटेशेजारी नव्हे. स्वेटर किंवा लांब बाह्यांच्या गाऊनखाली घड्याळ झाकलेलं असेल तर लेपाला काहीच मिळत नाही. डिसेंबरमध्ये ‘घड्याळ चमकायचं बंद झालं’ अशी तक्रार येते, तेव्हा आधी बाही बघावी.

लेपाचा रंगही बरंच सांगून जातो. दिवसा फिकट पिवळट-हिरवा दिसणारा लेप रात्री हिरवा आणि सर्वांत तेज असतो. दिवसा शुभ्र दिसणारे काही लेप रात्री निळसर चमकतात, आणि तेही सरावलेल्या डोळ्यांना उत्तम दिसतात. पण दिवसा शुभ्र दिसणारा प्रत्येक लेप तसा नसतो. काही शुभ्र लेप हिरव्याच्या तुलनेत बरेच फिके पडतात, आणि तपकिरी, नारिंगी किंवा जुनाट दिसावेत म्हणून मुद्दाम रंगवलेले लेप आणखी फिके. सौंदर्यासाठी तो रंग घ्यायचा असेल तर दिवसपाळीला घ्यावा.

नर्सिंगसाठी ल्यूमचं घड्याळ निवडताना मी सर्वांत आधी सेकंदकाटा बघतो. तासकाटा आणि मिनिटकाटा चमकतात, पण सेकंदकाटा नुसती धातूची तार, अशी घड्याळं बाजारात ढिगानं आहेत. त्यांत वेळ कळते, नाडी मोजता येत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 नावाचं मानक आहे. त्यात काळोखात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे आणि घड्याळ चालू आहे हेही दिसलं पाहिजे, अशी अट आहे. या दुसऱ्या अटीमुळे अशा घड्याळांच्या सेकंदकाट्यावर ल्यूमचा ठिपका असतो. पाणबुड्याला तो हवा असतो घड्याळ बंद पडलेलं नाही हे कळायला, तुम्हाला तो हवा असतो मोजायला. पण पाठीमागे ‘200 मीटर’ छापलंय म्हणून घड्याळ या मानकाचं आहे असं नाही. त्यावर ‘डायव्हर्स’ शब्द आहे का, हे पाहावं, आणि काही झालं तरी सेकंदकाट्यावरचा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. त्याबरोबर बाराची खूण बाकीच्यांहून वेगळी आहे का, हेही बघावं. त्रिकोण किंवा दोन पट्ट्या असतील तर अंधारात डायल उलटी-तिरकी झाली तरी चुकत नाही. तास आणि मिनिट काट्यांचे आकारही निराळे हवेत. दोन सारखेच काटे असले की सव्वाबारा आणि पहाटेचे तीन यांत घोटाळा होतो.

यानंतरचा मुद्दा दुकानदार जवळजवळ कधीच सांगत नाहीत. वॉर्ड क्वचितच पूर्ण काळोखात असतो. दाराचा उजेड, मॉनिटरची निळसर झाक, सिरिंज पंपावरचा हिरवा ठिपका. अशा संधिप्रकाशात ल्यूम जणू नाहीच असा वाटतो, कारण आजूबाजूचा उजेड त्याच्याहून जास्त असतो, आणि तरी डायल वाचायला तो उजेड पुरत नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त काळ्या-पांढऱ्याचा विरोध. काळ्या, न चकाकणाऱ्या डायलवर रुंद पांढरे काटे, किंवा पांढऱ्या डायलवर काळे रुंद काटे आणि 1 ते 12 पूर्ण आकडे. चंदेरी डायलवर चंदेरी घासलेले काटे असलेलं महागडं घड्याळ या उजेडात आरसा होतं. कॉरिडॉरच्या दिव्याची रेघ तेवढी दिसते, वेळ दिसत नाही. माझ्या मते रात्रीच्या वॉर्डात हा विरोध ल्यूमइतकाच मोलाचा आहे, आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

बॅकलाइटचा स्वभाव ल्यूमच्या नेमका उलट. डोळे सरावलेले असोत वा नसोत, बटण दाबलं की तो तेवढाच उजळतो, पाचव्या तासातही आणि दहाव्याही. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. बटण दाबायला दुसरा हात लागतो आणि उजेड थोडाच वेळ टिकतो.

बॅकलाइटचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. एलईडीमध्ये डायलच्या कडेला एक छोटा दिवा असतो. कॅसिओचं एफ-91डब्ल्यू हे 1989 पासून चालत आलेलं घड्याळ त्याचं ओळखीचं उदाहरण. हलकं, टिकाऊ, हजार-दीड हजारांच्या आसपासचं आणि एका सेलवर सुमारे सात वर्षं चालणारं. पण त्याचा दिवा एका कडेलाच आहे. तिथले आकडे उजळतात आणि दुसऱ्या कडेचे अंधारात राहतात, आणि तिथेच सेकंद असतात. नवीन एलईडी घड्याळांत उजेड बराच समान पसरतो, तरी घेण्याआधी सेकंदांवर तो पोचतो का हे पाहायलाच हवं. दुसरा प्रकार इलेक्ट्रोल्युमिनेसंट. यात आकड्यांमागे एक पातळ पत्राच असतो, जो संपूर्ण सारखा निळसर-हिरवा उजळतो. टाइमेक्सनं 1992 मध्ये तो इंडिग्लो नावानं आणला, आणि कॅसिओच्या अनेक डिजिटल घड्याळांतही तो आहे. त्या छोट्याशा सेलच्या दीड-तीन व्होल्टपासून पत्र्यासाठी शंभर व्होल्टच्या वरचा बदलता दाब तयार करावा लागतो, म्हणून कानाजवळ नेलं तर हलकी गुणगुण ऐकू येते. आपल्या घड्याळात कुठला प्रकार आहे ते ओळखायची ती एक खूण. एफ-91डब्ल्यूच्याच आकाराचं एफ-105डब्ल्यू घेतलं तर हा समान उजेड मिळतो. दोन्ही समोर असतील तर नर्सिंगसाठी मी निःशंक दुसरं सुचवेन.

डिजिटल घेताना काळ्या पडद्यावर फिके आकडे असलेली मॉडेलं टाळावीत. दिसायला ती देखणी असतात, पण दिवा न लावता संधिप्रकाशात ती वाचताच येत नाहीत. म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबणं आलं. फिकट पडद्यावर काळे आकडे असतील तर अर्ध्याअधिक वेळा दिव्याची गरजच लागत नाही.

आता पुन्हा बारा नंबरच्या खाटेकडे येऊ, कारण खरा फरक तिथे कळतो. नाडी मोजताना आपण सहसा उजव्या हाताची बोटं पेशंटच्या मनगटावर ठेवतो आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ बघतो. ल्यूमचा सेकंदकाटा दिसत असेल तर काहीच अडचण नाही, अर्धा मिनिट किंवा नाडी अनियमित असेल तर पूर्ण मिनिट ठिपका फिरताना बघत राहावं. पण घड्याळ बॅकलाइटचं असेल तर बटण दाबायला उजवा हात मोकळा नसतो. यावर उपाय सोपा आहे. घड्याळ ज्या हातात आहे त्याच, म्हणजे डाव्या, हाताच्या बोटांनी नाडी घ्यावी. डायल आपोआप वर येते आणि उजवा अंगठा बटणावर ठेवता येतो. सुरुवातीला नवखं वाटतं, दोन-चार ड्युट्यांत बोटांना सवय होते.

त्यानंतर प्रश्न येतो दिवा टिकण्याचा. काही घड्याळांत दाबून धरलं तोवर दिवा राहतो. बऱ्याच डिजिटल घड्याळांत मात्र तो दीड किंवा तीन सेकंदांनी आपोआप विझतो, आणि सेटिंगमध्ये यातला एक पर्याय निवडता येतो. तीन सेकंद निवडले तरी अर्ध्या मिनिटाच्या मोजणीत दिवा पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि प्रत्येक दाबण्यासरशी मोजणीवरचं लक्ष हलतं. म्हणून अशा घड्याळावर दिवा सतत लावू नये. आधी एकदा दिवा लावून सेकंदांचा आकडा वाचून ठेवावा, त्याच क्षणी मोजणी सुरू करावी, अंदाजे अठ्ठावीस सेकंद झाल्यावर दुसऱ्यांदा दिवा लावून तिसावा सेकंद पकडावा. दोनच वेळा बटण.

सलाइनच्या थेंबांत वेळेची चूक किती महाग पडते ते आकड्यांत पाहा. 500 मिलिलिटर सलाइन सहा तासांत द्यायचं आहे आणि सेट 20 थेंबांना एक मिलिलिटरचा आहे. एकूण थेंब 10,000 आणि मिनिटं 360, म्हणजे मिनिटाला साधारण 28 थेंब, पंधरा सेकंदांत 7. आता दिवा विझला, सेकंद नीट दिसले नाहीत आणि तुम्ही ज्याला पंधरा सेकंद समजलात ते प्रत्यक्षात सतरा होते. चिमटा तसाच लावून ठेवलात तर वेग मिनिटाला पंचवीसच्याही खाली येतो आणि बाटली सहाऐवजी पावणेसात तास चालते. दोन सेकंदांनी पाऊण तास गेला. म्हणून अंधारात पंधरा सेकंदांच्या मोजणीवर समाधान मानू नये. पूर्ण मिनिट मोजलं तर तेवढ्याच दोन सेकंदांची चूक पंधरा मिनिटांच्या आत राहते. श्वसनदर तर पूर्ण मिनिटच मोजायचा असतो, आणि तिथे तीन सेकंदांचा दिवा अगदीच तोकडा पडतो.

मग घ्यावं कुठलं? काउंटर आणि वॉर्ड अशी सारखी ये-जा असलेल्या सिस्टरसाठी माझी पसंती आहे फिकट डायलचं, 1 ते 12 पूर्ण आकड्यांचं, काळ्या काट्यांचं आणि संपूर्ण डायल उजळणाऱ्या इंडिग्लोचं काट्यांचं घड्याळ. चावी दाबली की डायल उजळते आणि काटे त्यावर काळ्या सावलीसारखे दिसतात. डोळे सरावायची वाट बघावी लागत नाही. चावी दाबून धरली तर दिवाही टिकतो आणि सेकंदकाटा सलग बघता येतो. याच प्रकारात काळी डायल घेतली तर बऱ्याच मॉडेलांत उजेड मुख्यतः आकड्यांतूनच येतो आणि काटे काळोखात राहतात, म्हणून डायल फिकटच हवी. खिसा लहान असेल तर समान उजेडाचं, फिकट पडद्याचं डिजिटल घ्यावं आणि वर सांगितलेली दोनदा दाबायची पद्धत अंगवळणी पाडावी. तास-तास एकाच अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्यांसाठी मात्र सेकंदकाट्यावर ठिपका असलेलं डायव्हर्स घड्याळच चांगलं. पेशंटला उजेडाचा त्रास नाही, हात मोकळे आणि डोळे सरावलेले. त्याला जास्त पैसे पडतात. सिटिझन, सीको यांची मानकातली डायव्हर्स घड्याळं स्वस्त डिजिटलच्या कित्येक पट किमतीला येतात, आणि ती जाडही असतात. ग्लोव्हज चढवताना जाडी अडते, म्हणून ग्लोव्हज घालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

रेल्वेच्या रुळांवर रात्री गस्त घालणारा, किंवा शेताला रात्रीचं पाणी देणारा, यांच्या हातात बॅटरी असतेच. त्यांनी ती काचेला टेकवून अर्धा मिनिट धरली की ल्यूम भरतो आणि पुढचे काही तास त्यांना बटण लागत नाही. त्यांचं गणित सोपं आहे.

ट्रिटियमच्या नळ्यांची घड्याळंही मिळतात. काचेच्या बारीक नळ्यांत ट्रिटियम वायू असतो आणि त्या कुठल्याही उजेडाशिवाय अहोरात्र चमकतात. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तेज निम्म्यावर येतं. काचेतून त्याचा किरणोत्सर्ग बाहेर येत नाही. पण त्यांचं तेज कायम मंदच असतं, सरावलेल्या डोळ्यांसाठीच उत्तम. किंमत आणि दुरुस्तीची अडचण पाहता नर्सिंगसाठी मी ती सुचवणार नाही. स्मार्टवॉचचा पडदा सर्वांत स्पष्ट दिसतो हे खरं, पण त्याची बॅटरी बारा तासांच्या ड्युटीत संपता कामा नये. मनगट हललं की आपोआप पेटणं बंद करावं, नाहीतर पेशंटची चादर सारखी करतानाही खोली उजळते. जी-शॉकसारख्या काही घड्याळांतही मनगट तिरपं केलं की दिवा लागण्याची सोय असते. तीही वॉर्डात बंद ठेवलेली बरी.

आपल्या रुग्णालयात मनगटी घड्याळाला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. संसर्ग टाळण्यासाठी अनेक ठिकाणी कोपराखाली काहीही घालू देत नाहीत. मग पर्याय उरतो तो युनिफॉर्मला अडकवायच्या घड्याळाचा. ते उलटं टांगलेलं असतं, त्यामुळे हातानं उचललं की सरळ दिसतं. छातीवर असल्यानं त्याला काउंटरचा उजेडही चांगला मिळतो. पण ही घड्याळं पुष्कळदा लहान आणि ल्यूम नसलेली असतात. त्यामुळे तिथेही डायलचा विरोध आणि सेकंदकाटा हेच बघावं. मनगटी चालत असेल तर पट्टा सिलिकॉनचा किंवा रेझिनचा घ्यावा. चामडं आणि कापड सॅनिटायझरनं व सतत हात धुण्यानं खराब होतं आणि ओल धरून ठेवतं. 50 मीटर पाणीरोधक लिहिलेलं असलं की हात धुण्यापुरती चिंता नाही.

दुकानात जाऊन हाताच्या ओंजळीत घड्याळ धरून अंधारात बघणं ही सगळ्यांची सवय. त्यातून फारसं काही कळत नाही. दुकानाच्या झगमगाटात लेप ताजा भरलेला असतो, मग कुठलंही घड्याळ चमकतं. त्यापेक्षा घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगावं, अर्धा तास बाकीची खरेदी करावी आणि मग परत येऊन अंधाऱ्या कोपऱ्यात काही मिनिटं डोळे सरावू देऊन बघावं. सेकंदकाट्याचा ठिपका तेव्हा दिसतोय का, बाराची खूण ओळखू येते का, एवढं पाहिलं तरी निम्मी घड्याळं बाद होतात. ऑनलाइन घेणाऱ्यांनी परत करायची मुदत नीट बघावी आणि पहिल्याच रात्री कस लावावा. रात्री दहाला नेहमीच्या दिव्याखाली दहा मिनिटं ठेवून मग झाकून ठेवायचं, पहाटे तीनला उठल्यावर दिवा न लावता बघायचं. बॅकलाइटचं असेल तर ग्लोव्हज घालून, डाव्या हातानं कुणाची तरी नाडी धरून, उजव्या अंगठ्यानं बटण दाबून पूर्ण अर्धा मिनिट मोजून पाहावं. काही घड्याळांत दिव्याचं बटण इतकं आत बसवलेलं असतं की ग्लोव्हजच्या बोटाला सापडत नाही. समोरच्या बाजूला मोठं बटण असलेली मॉडेलं या बाबतीत फार सोयीची.

घड्याळ घेतल्यावर लक्ष ठेवायचं ते सेलवर. डिजिटल घड्याळाचा सेल उतरू लागला की पहिली चाहूल दिव्यातच लागते. बटण दाबताच आकडे फिके होतात किंवा क्षणभर गायब होतात, दिवसा मात्र सगळं ठीक दिसतं. काट्यांच्या अनेक क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकेक सेकंदाऐवजी दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. वेळ बरोबरच राहते, म्हणून पुष्कळजण तसंच वापरत राहतात. पण पंधरा सेकंदांची मोजणी अशा उडीवर सुरू झाली किंवा संपली तर एका सेकंदाची चूक तिथेच होते. उड्या दिसल्या की त्याच आठवड्यात घड्याळजीकडे जावं, सेल बदलताना आतली रबरी रिंगही तपासून घ्यावी आणि मागचं झाकण लावण्यापूर्वी दिवा एकदा लावून दाखवायला सांगावा.